रोजची पार्सलं वाढली की कुरिअरवाल्याशी रेटचं बोलणं कसं करायचं (कोकणातून घरगुती माल पाठवणाऱ्यांसाठी)

घरून मसाला, आमसुलं, आगळ, कुळथाचं पीठ, आंबापोळी असलं काही विकणाऱ्या माणसाची सुरुवात काउंटर रेटनेच होते. दिवसाला दोन-तीन पार्सलं असतात, तालुक्याच्या गावी शाखेत जायचं, तो वजन करतो, आकडा सांगतो, आपण देतो. मग हळूहळू ऑर्डरी वाढतात, रोजची पंधरा-वीस पार्सलं व्हायला लागतात आणि रेट मात्र तोच पहिल्या दिवशीचा चालू राहतो, कारण कोणी विचारलेलंच नसतं. कुरिअरवाला स्वतःहून येऊन रेट कमी करून देणार नाही, त्यात त्याची काही चूकही नाही.

माझी मावसबहीण कुडाळजवळच्या एका गावातून मालवणी मसाला, कुळीथ पीठ आणि आमसुलं विकते, तिच्या कुरिअरचा हिशेब मी बघतो. खाली तिचंच उदाहरण धरून सगळं सांगतोय. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल केलेत, तुमच्या गावात रेट वेगळे असतील, पण गणित करायची पद्धत तीच राहते.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कुरिअरवाला तुम्हाला रेट देताना नुसता पार्सलांचा आकडा बघत नाही. तुमचा माल कसा आहे, किती वजनाचा, कुठे जाणारा, रोज येणारा की अधूनमधून, किती वाजता हातात मिळणारा, हे बघतो. त्यामुळे "माझी पार्सलं वाढली, रेट कमी करा" म्हणून गेलात तर तो दोन-पाच रुपये सोडेल आणि विषय संपवेल. तेच तुमच्या मालाचं चित्र कागदावर घेऊन गेलात तर बोलणं वेगळ्याच ठिकाणाहून सुरू होतं.

आधी महिन्याची यादी करा

मागच्या महिन्याच्या सगळ्या पावत्या काढा (फेकल्या असतील तर व्हॉट्सअॅपवर ग्राहकांना पाठवलेले ट्रॅकिंग नंबर तरी असतात) आणि एका वहीत किंवा शीटमध्ये प्रत्येक पार्सलच्या पुढे चारच गोष्टी लिहा. कुठल्या पिनकोडला गेलं, वजनकाट्यावर किती भरलं, कुरिअरवाल्याने किती वजन लावलं आणि किती पैसे घेतले. बास, ह्याच्यापुढे जाऊ नका नाहीतर दोन दिवसात कंटाळून सोडून द्याल.

मग ती यादी जागेप्रमाणे वेगळी करा. कोकणातल्या बहुतेक घरगुती विक्रेत्यांचं चित्र साधारण सारखंच निघतं, कारण आपले ग्राहक म्हणजे मुख्यतः मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे इथले चाकरमानी आणि त्यांचे शेजारी. बहिणीचे महिन्याचे ४५० पार्सल, म्हणजे दिवसाला १८ आणि महिन्यात २५ दिवस. त्यातले ३०० मुंबई-ठाणे-पुण्याला जाणारे तिच्या ठरलेल्या कॉम्बोचे, ६० छोटी अर्ध्या किलोच्या आतली, ५० बाकी महाराष्ट्रात, आणि ४० बंगळूर, हैदराबाद, गुजरात वगैरे.

हे एकदा समोर आलं की भांडायचं कशावर आणि सोडायचं काय हे आपोआप दिसतं. तीनशे पार्सलांवर पाच रुपये वाचले तर १,५०० रुपये, चाळीसावर पाच वाचले तर २००. म्हणजे बाहेरच्या राज्याच्या रेटवर तासभर घासाघीस करण्यात काही अर्थ नाही, उलट तिथे त्याला दहा रुपये जास्त घे म्हणून मोकळं सांगता येतं आणि त्या बदल्यात मुंबई-पुण्याच्या रेटवर जोर लावता येतो. यादी नसेल तर हे कळतच नाही आणि माणूस सगळ्याच रेटवर थोडं थोडं भांडतो आणि कुठेच काही मिळत नाही.

यादीत तिसरा आणि दुसरा आकडा शेजारी ठेवून बघा, म्हणजे लावलेलं वजन आणि खरं वजन. इथेच बहुतेकांचे पैसे जातात.

रेटच्या आधी खोकं

कुरिअरमध्ये वजन दोन प्रकारचं असतं. एक काट्यावरचं, दुसरं जागेचं म्हणजे व्हॉल्युमेट्रिक. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, जे येईल ते किलो. दोन्हीपैकी जे जास्त ते तुम्हाला लागतं, आणि ते पण पुढच्या अर्ध्या किलोला गोल करून. काही जण ५००० च्या ऐवजी ४५०० किंवा ४००० ने भागतात, भाजक जेवढा लहान तेवढं वजन जास्त भरणार, म्हणून शाखेत पहिला प्रश्न हाच विचारायचा की तुमच्याकडे कितीने भागतात.

बहिणीचा कॉम्बो म्हणजे अर्धा किलो मसाला, अर्धा किलो कुळीथ पीठ, पाव किलो आमसुलं. पॅकिंग धरून काट्यावर १.४ किलो. पण ती बाजारातून आणलेलं एकाच मापाचं खोकं सगळ्याला वापरायची, ३० बाय २२ बाय १५. गुणाकार ९,९००, भागिले ५०००, म्हणजे १.९८ किलो. लागलं दोन किलोचं भाडं. आत कागदाचे बोळे भरलेले आणि भाडं त्या बोळ्यांच्या जागेचं चाललेलं.

मग २४ बाय १८ बाय १३ चं खोकं घेतलं. गुणाकार ५,६१६, पाच हजाराने भागलं तर १.१२ आणि चार हजाराने भागलं तरी १.४०. म्हणजे कुठल्याही हिशेबाने दीड किलोच्या आतच बसतं. काउंटर रेट होता पहिल्या अर्ध्या किलोला ६० आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४०. दोन किलोचे होत होते १८०, दीडचे झाले १४०. रेटबद्दल एक शब्द न बोलता पार्सलमागे ४० रुपये वाचले, तीनशे पार्सलांचे महिन्याला १२,०००.

खोकं आधी बदलायचं दुसरं कारण पण आहे. बोलणी करायला गेलात आणि खोकं तेच फुगीर असेल तर शाखेवाला त्या दोन किलोवर रेट सांगणार, आणि रेट ठरल्यावर तुम्ही खोकं लहान केलंत तर त्याला वाटणार आपली कमाई कमी केली. म्हणून आधी खोकं बसवा, महिनाभर नव्या खोक्यात पाठवा, मग त्या महिन्याची यादी घेऊन जा.

वजन अगदी काठावर ठेवू नका मात्र. १.४८ भरत असेल तर हबवरच्या, म्हणजे सगळ्या शाखांचा माल गोळा होऊन पुढे वाटला जातो त्या ठिकाणच्या मशीनवर पावसाळ्यात खोक्याने ओल धरली की १.५१ दाखवू शकतं आणि सरळ दोन किलो लागतं. पन्नास-साठ ग्रॅमची मोकळीक ठेवा. फेण्या, कुरडया, फणसाचे तळलेले गरे असला हलका पण जागा खाणारा माल असेल तर त्याचं खोकं वेगळंच ठेवा आणि यादीतही वेगळं लिहा, नाहीतर तुमच्या जड मालाचा रेट त्याच्यामुळे बिघडतो.

समोरच्या माणसाला काय परवडतं ते समजून घ्या

तालुक्याच्या गावातली शाखा बहुतेक वेळा कंपनीची नसते, फ्रँचायझी असते. त्या माणसाला कंपनीला एक ठरलेली रक्कम द्यावी लागते आणि तुमच्याकडून घेतलेल्या पैशातून ती वजा जाऊन उरतं ते त्याचं. त्यातून गाळ्याचं भाडं, पोरांचे पगार, गाडीचं पेट्रोल. म्हणजे तो काउंटर रेटमधून थोडंफार खाली येऊ शकतो पण एका मर्यादेच्या खाली खरंच येऊ शकत नाही. तो "ह्या रेटात माका परवडणा नाय" म्हणतो तेव्हा ते प्रत्येक वेळी नाटक नसतं.

मग त्याच्याकडून जास्त काढायचं तर त्याचा खर्च कमी करून द्यायचा. कोकणात हे फार लागू पडतं कारण आपल्या वाड्या लांब लांब. रोज एक पोरगा दुचाकीवर सात-आठ किलोमीटर येऊन अठरा खोकी उचलून नेणार, ती पण दोन फेऱ्यांत, म्हणजे त्याचं पेट्रोल आणि वेळ दोन्ही गेलं. बहिणीने गावातल्याच एका रिक्षावाल्याशी ठरवलंय, तो तसाही दुपारी कुडाळला जातोच, एक मोठं पोतं शाखेत टाकतो आणि दिवसाचे ८० रुपये घेतो. अठरा पार्सलांत वाटले तर साडेचार रुपये सुद्धा नाही. शाखेवाल्याने पिकअप वाचला म्हणून पार्सलमागे जे सोडलं ते ह्याच्या दुप्पट होतं.

वेळ हा दुसरा मुद्दा. शाखेतून संध्याकाळी एक गाडी पुढच्या हबला निघते आणि त्याच्या आधीच्या तासात तिथे नुसती झुंबड असते. तुम्ही तीन-साडेतीनला माल पोचवलात, प्रत्येक खोक्यावर पत्ता मोठ्या अक्षरात छापलेला आणि सोबत पूर्ण यादी, तर तो निवांत बुकिंग करतो. तुमचा माल म्हणजे त्याला डोकेदुखी नाही हे त्याच्या मनात बसलं की रेटची गोष्ट सोपी होते, हे मी चार-पाच विक्रेत्यांच्या बाबतीत बघितलंय.

आणि तिसरी गोष्ट, जी कोणी लक्षात घेत नाही. आपल्याकडच्या शाखांत बाहेरून येणारा माल भरपूर असतो, ऑनलाइन खरेदीची पाकिटं, खोकी, रोज गाडी भरून येते. जाताना मात्र आंब्याचे दिवस सोडले तर गाडीत जागा असते. गाडी तर जाणारच, डिझेल तेवढंच जळणार. तुम्ही जाणारा माल देताय, तो पण रोज, तो पण बाराही महिने. हे बोलून दाखवा.

कधी जायचं

एप्रिल-मे मध्ये अजिबात नाही. तेव्हा देवगड-रत्नागिरीच्या पेट्यांनी सगळ्या गाड्या भरलेल्या असतात, शाखेवाल्याला बोलायला वेळ नसतो आणि कमी रेट द्यायचं काही कारणही नसतं. गणपतीच्या आधीचा पंधरवडा पण सोडा, महामार्गावर गर्दी, अवजड वाहनांवर बंदी येते, वेळापत्रक कोलमडतं.

माझ्या मते जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलै हा सगळ्यात चांगला काळ. आंबा संपलेला असतो, शाखेतला जाणारा माल एकदम खाली आलेला असतो आणि अशा वेळी रोजची अठरा पार्सलं देणारा माणूस समोर आला तर तो ऐकून घेतो. तुमच्या विक्रीचा पण विचार करा, सलग दोन महिने रोजची आठ-दहाच्या वर पार्सलं जात असतील तरच जा, एखाद्या रीलमुळे आठवडाभर ऑर्डरी उसळल्या म्हणून धावत जाऊ नका, कारण पुढच्या महिन्यात आकडा पडला की ठरलेला रेट पण जातो आणि शब्द पण.

तीन ठिकाणचे रेट हातात ठेवून जा

जायच्या आधी किमान तीन रेट लिहून ठेवा. एक आपल्या चालू शाखेचा. दुसरा त्याच गावातल्या दुसऱ्या कुरिअरचा. तिसरा पोस्टाचा, किंवा ऑनलाइन अॅग्रिगेटरचा, म्हणजे जे अनेक कुरिअर कंपन्यांचे रेट एका ठिकाणी दाखवतात त्यांचा.

पोस्टाला हलक्यात घेऊ नका. आपल्याकडच्या कित्येक गावात कुरिअर पोचत नाही तिथे पोस्ट आहे, आणि त्यांचं रेटकार्ड जाहीर असतं. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर आले तेव्हा नवीन बल्क ग्राहकांसाठी ५ टक्के सवलत पण जाहीर झाली. ह्यासाठी छोट्या पोस्टात विचारून उपयोग नाही, जिल्ह्याच्या डाक अधीक्षक कार्यालयात जाऊन पार्सलांसाठी बल्क ग्राहकाचं करारखातं असं विचारायचं. तिथला मार्केटिंगचा माणूस माहिती देतो.

अॅग्रिगेटरच्या बाबतीत रेट दिसतो तो मोहात पाडणारा असतो, पण आधी बघा की तुमच्या स्वतःच्या पिनकोडवरून पिकअप मिळतोय का. कोकणातल्या बऱ्याच पिनकोडला डिलिव्हरी आहे आणि पिकअप नाही, किंवा एकाच कंपनीचा आहे, मग दहा कंपन्यांचे रेट दिसून उपयोग काय. तरीही तो आकडा लिहून घ्या, बोलताना कामाला येतो.

खोटा रेट सांगू नका. "अमका मला पन्नासला देतोय" असं हवेत बोललात तर तालुक्याच्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, संध्याकाळी चहाच्या टपरीवर खरं-खोटं होतं.

प्रत्यक्ष बोलणं

सकाळी अकराच्या सुमारास जा, तेव्हा आलेला माल वाटायला पोरं बाहेर पडलेली असतात आणि मालक मोकळा असतो. यादीची एक प्रत त्याला द्या आणि विचारा, "दादा, ही महिन्याची यादी. एवढा माल रोज साडेतीनच्या आत तुमच्या दारात, पैसे दर शनिवारी यूपीआयने. ह्याला तुमचा रेट काय बसतो?" आणि मग गप्प बसा. आकडा आधी त्याला सांगू द्या.

तो बहुधा पहिल्या अर्ध्या किलोचा रेट सांगेल, कारण सगळे तोच विचारतात. आणि इथेच नीट लक्ष द्यायचं.

बहिणीला दोन शाखांकडून आलेले रेट असे होते. पहिल्याने सांगितलं पहिला अर्धा किलो ३८ रुपये, पुढचा प्रत्येक अर्धा किलो ४०. दुसऱ्याने सांगितलं पहिला अर्धा ५२, पुढचा प्रत्येक २४. ऐकायला पहिला फार स्वस्त, साठाचे एकदम अडतीस. ती तर हो म्हणून येणारच होती. पण तिचा कॉम्बो दीड किलोच्या स्लॅबचा, म्हणजे एक पहिला अर्धा आणि दोन पुढचे. पहिल्याकडे ३८ अधिक ८० म्हणजे ११८. दुसऱ्याकडे ५२ अधिक ४८ म्हणजे १००. तीनशे पार्सलांवर अठरा रुपयांचा फरक, महिन्याला ५,४००. छोट्या ६० पार्सलांवर दुसरा चौदा रुपयांनी महाग, म्हणजे ८४० जास्त गेले. ते वजा करूनही साडेचार हजारांच्या वर फायदा.

आपला माल जड असतो. पीठ, मसाला, गूळ, काजू, आगळाच्या बाटल्या, ह्यात अर्ध्या किलोचं पार्सल फार कमी जातं. म्हणून पहिल्या अर्ध्या किलोसाठी जीव टाकू नका, पुढच्या अर्ध्या किलोचा रेट पाडून घ्या. शाखेवाल्यालाही हे सोडणं त्या मानाने सोपं जातं, कारण एका पार्सलचा हाताळायचा, वाटायचा खर्च एकदाच येतो, वजन अर्धा किलो वाढलं म्हणून डिलिव्हरी बॉयला दोनदा जावं लागत नाही. त्याला नेमकं असं म्हणा, "पहिल्या अर्ध्याला पाच रुपये जास्त घ्या, पण पुढच्याला चोवीसच्या वर नको." घेतलेलं आणि दिलेलं दोन्ही त्याला दिसतं.

बाहेरच्या राज्याचा रेट त्याने दहाने वाढवून सांगितला तर चाळीस पार्सलांचे ४०० रुपये, सोडून द्या. तो सोडलात हे बोलून मात्र दाखवा.

तो म्हणाला कंपनीला विचारून सांगतो, तर तेही चांगलंच. कंपनीचा एरियाचा सेल्सवाला असतो, त्याच्या मंजुरीने खास रेट मिळतो किंवा तुमच्या नावाने क्रेडिट खातं उघडतं. यादीचा फोटो तिथवर जाऊ द्या. क्रेडिट खात्यात पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने बिल येतं, काही ठिकाणी अनामत मागतात. माझं मत असं की सुरुवातीला खातं घेऊ नका, दर आठवड्याला पैसे द्या. छोट्या शाखेला हातात येणारा पैसा फार लागतो आणि लवकर पैसे देणाऱ्याला तो दोन रुपये सोडतो.

आगळ किंवा कोकम सरबताच्या बाटल्या असतील तर लपवू नका, सुरुवातीलाच सांगा आणि पॅकिंग करून दाखवा. बुचाला आतून सील, मग प्रत्येक बाटली जाड पिशवीत बंद, मग खोकं. एक बाटली फुटली तर पोत्यातल्या दुसऱ्या लोकांच्या मालावर लाल डाग पडतात आणि भरपाई शाखेवाल्याला करावी लागते, त्या एका दिवसात तुमचा सगळा रेट जाऊ शकतो. सुकी मासळी तर बरेच जण वासामुळे घेतच नाहीत, तिचं बोलणं वेगळं करा.

रेट ठरला की हे लिहून घ्या

स्टॅम्पपेपर नको, व्हॉट्सअॅपवर मेसेज पुरे. पण त्यात चार गोष्टी असल्याच पाहिजेत. रेट जीएसटी धरून की वर, कुरिअरवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे शंभराचे ११८. तुमची जीएसटी नोंदणी असेल (कॉम्पोझिशनमध्ये नसाल तर) तो कर परत धरता येतो, नसेल तर तो सगळा तुमच्या खिशातून, म्हणून तुलना करताना दोघांचे रेट एकाच पद्धतीने लिहा. दुसरं, फ्युएल सरचार्ज वेगळा आहे का, असला तर आजचा टक्का किती. तिसरं, लांबच्या गावांना लागणारा जादा चार्ज कुठल्या पिनकोडना लागतो त्याची यादी. बहिणीच्या बाबतीत बाकी महाराष्ट्रातल्या पन्नासात असे निघाले, त्या ग्राहकांना आता पोस्टानेच जातं.

आणि चौथं, परत आलेल्या पार्सलचं भाडं. ह्याबद्दल आधी कोणी बोलत नाही आणि मग बिलात दिसतं. समजा महिन्यातली १२० पार्सलं कॅश ऑन डिलिव्हरी आणि त्यातली १८ परत आली. जायचे शंभर गेले, यायचे शंभर गेले, एकूण ३,६०० रुपये आणि विक्री शून्य. परतीचं भाडं अर्धं करून घेतलं तर ९०० वाचतात, मागा जरूर, पण खरा उपाय म्हणजे पाठवायच्या आधी ग्राहकाला फोन करणं. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे किती दिवसांनी हातात येणार हेही त्याच मेसेजमध्ये घ्या.

रेट किती दिवस चालणार ते लिहून घ्यायचं, सहा महिने तरी.

पहिला महिना डोळ्यात तेल घालून बघा

कमी रेट मिळाल्यावर बिघडतं ते सहसा दोन ठिकाणी.

एक म्हणजे वजन. बिलात दीडच्या ऐवजी दोन किलो दिसायला लागतात. ह्यासाठी ठरलेल्या कॉम्बोचा एक फोटो काट्यावर आणि एक मोजपट्टी लावून काढून ठेवा, आणि दर शनिवारी पैसे द्यायच्या आधी बिलातलं वजन आपल्या यादीशी जुळवा. जिथे फरक असेल तिथे त्याच दिवशी सांगा. महिन्याने सांगितलं तर पार्सल कधीच पोचलेलं असतं आणि कोणाकडेच पुरावा नसतो. अॅग्रिगेटरकडे तर वजनाची तक्रार करायला मोजकेच दिवस असतात, ते गेले की पैसे वॉलेटमधून कापलेलेच राहतात.

दुसरं म्हणजे माल मागे ठेवणं. गाडीत जागा कमी पडली की शाखेवाला जास्त रेट देणाऱ्याचा माल आधी चढवतो आणि तुमचं पोतं उद्यावर जातं. ग्राहकाचा फोन येईपर्यंत थांबू नका, हे ट्रॅकिंगवर लगेच कळतं. साडेतीनला दिलेल्या मालाचं बुकिंग स्कॅन त्याच संध्याकाळी पडायला हवं आणि पुढच्या हबचं स्कॅन साधारण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. रोज दोन पार्सलांचं बघा, पुरे. आठवड्यात तीनदा पहिलं स्कॅन दुसऱ्या दिवशी दुपारी पडलं तर तुमचं पोतं बाजूला ठेवलं जातंय. फक्त पावसाळ्यात आंबोली, करूळ, आंबा ह्यातला एखादा घाट दरडीने बंद असेल तर दोष देऊ नका, तेव्हा बुकिंग स्कॅन वेळेवर असतं आणि पुढचं अडकलेलं असतं, हा फरक बघायचा.

असं झालं तर रेट परत वाढवून देऊ नका आणि भांडूही नका, तारखा आणि ट्रॅकिंग नंबर लिहून दाखवा आणि विचारा की गाडीची अडचण नेमकी कुठल्या वारी असते. बहिणीच्या शाखेत सोमवारी असायची, रविवारचा साठलेला माल असतो म्हणून. तिने सोमवारचा अर्धा माल मंगळवारी द्यायला सुरुवात केली, ग्राहकांना मेसेज टाकला, आणि बाकीचे दिवस सुरळीत झाले.

सगळा माल एकाच ठिकाणी द्यायचा की वाटायचा, हे मला बरेच जण विचारतात. रोजची वीसच्या आत असतील तर वाटू नका, दोन्हीकडे तुम्ही छोटे गिऱ्हाईक राहता. फक्त दहातलं एखादं पार्सल पोस्टाने जात राहू द्या, म्हणजे तिथलं खातं आणि ओळख चालू राहते आणि संप, पूर, काही झालं तर दुसऱ्या दिवसापासून वळवता येतं.

बहिणीचा हिशेब सांगतो. कॉम्बोचं पार्सल १८० वरून खोक्याने १४० वर आलं आणि बोलण्याने १०० वर. म्हणजे तीनशे पार्सलांचे महिन्याला २४,००० वाचले, अर्धे खोक्याचे आणि अर्धे रेटचे, आणि तिची नोंदणी नसल्यामुळे त्यावरचा जीएसटी धरला तर २८,३२०. ह्यातून रिक्षावाल्याचे महिन्याचे २,००० वजा करा आणि छोट्या खोक्यांसाठी जास्तीचे जे काही लागतील ते.

पुढच्या वेळी बोलायला जाल तेव्हा नवी यादी लागेल. रोजची तीसच्या वर गेली की सहा महिने झाले नसले तरी जा, कारण तेव्हा शाखेवाल्याच्या हातातलं सोडून थेट कंपनीच्या एरियावाल्याशी बसता येतं. पण त्याला शाखेतूनच बोलवा, शाखेवाल्याला टाळून नको. माल शेवटी त्याच्याच गाळ्यात उतरणार आहे, आणि सोमवारची गाडी पण तोच भरणार आहे.